निफाडची थंडी, पीपीसी सिमेंट आणि आमच्या स्लॅबखालचे टेकू

आमच्या घराचा पहिला स्लॅब ४ जानेवारीला, शनिवारी पडला. त्याखालचा शेवटचा टेकू ३ फेब्रुवारीला निघाला. मधल्या तीस दिवसांत मी सेंट्रिंगवाल्याशी जेवढा बोललो तेवढा घरच्यांशीही बोललो नसेन. मी शाळामास्तर आहे, इंजिनिअर नाही. पण "सर, सातव्या दिवशी खोलू" हे वाक्य ऐकून काय विचारायचं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहितोय.

गाव निफाड तालुक्यातलं. महाराष्ट्रात थंडीचा आकडा सांगायचा झाला की बातम्यांत निफाडचंच नाव येतं. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, कारण पारा फार उतरला की मणी तडकतात. अशा दिवसांत स्लॅब टाकायचा नव्हता, पण वाळू उशिरा आली, बँकेचा हप्ता अडकला आणि डिसेंबर हातातून गेला.

स्लॅब साधारण ९०० चौरस फुटांचा, १२५ मिलिमीटर जाडीचा, एम-२० काँक्रीटचा, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद यायला हवी असा. खोल्यांचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ३.६ मीटर, स्वयंपाकघराचा ३ मीटर, हॉलचा ४.८ मीटर आणि पुढे सव्वा मीटरचा सज्जा. सिमेंट पीपीसी, म्हणजे फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं. हल्ली दुकानात तेच मिळतं. सेंट्रिंगचा ठेका अण्णांकडे. त्यांच्याशी बोली अशी, की प्लेटा आणि टेकू पंधरा दिवस ठेक्यात धरलेले, त्यापुढे दिवसाला ७०० रुपये. ही अट मी वाचली होती. तिचा अर्थ नंतर कळला. पंधरा दिवस आमच्या हिशेबात होते. अण्णांच्या हिशेबात प्लेटा सातव्या दिवशी शेजारच्या गावातल्या दुसऱ्या स्लॅबला जाणार होत्या.

डिझाइन नाशिकच्या एका इंजिनिअर मॅडमनी केलेलं. त्यांच्या नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक टीप होती: जागेवर ठेवलेल्या क्यूबची ताकद १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर झाल्याशिवाय खोल्यांचे टेकू काढू नयेत, हॉल, बीम आणि सज्जाचे लेखी परवानगीशिवाय काढू नयेत. क्यूब म्हणजे त्याच काँक्रीटचा चौकोनी ठोकळा, लॅबच्या मशीनखाली फोडून ताकद मोजायचा. वीसच्या सत्तर टक्के म्हणजे चौदा, एवढं मला समजलं. "जागेवर ठेवलेल्या" या दोन शब्दांकडे मात्र मी बघितलंही नव्हतं.

तारीख ठरवताना

मुळात स्लॅब रविवारी, ५ जानेवारीला टाकायचा होता. पाहुणे मोकळे, शाळेला सुट्टी. मॅडम फोनवर म्हणाल्या, "रविवारी टाकलात तर सातवा दिवस रविवार आणि अठ्ठाविसावाही रविवारच. लॅब बंद. क्यूब कोण तोडणार?" मी कॅलेंडर पाहिलं आणि गप्प बसलो. सात आणि अठ्ठावीस, दोन्ही आठवड्याच्या पटीत. म्हणजे ज्या वारी स्लॅब त्याच वारी चाचणी. तारीख शनिवारवर आणली.

त्याआधी लॅबमध्ये साचे आणायला गेलो. साचा म्हणजे १५० मिलिमीटरची ओतीव लोखंडी पेटी, उचलताना कंबर बोलते. पहिल्या फेरीत साचे मिळाले नाहीत. पत्र हवं होतं: काम कुठलं, काँक्रीटची ग्रेड, स्लॅबची तारीख, किती क्यूब, कोणत्या दिवशी तोडायचे आणि खाली इंजिनिअरची सही-शिक्का. माझ्या पत्रावर माझीच सही होती. काउंटरवरचा मुलगा सौजन्याने म्हणाला, "सर, हे रजेच्या अर्जासारखं झालंय." चाळीस किलोमीटर परत. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या सहीचं पत्र, ५००० रुपये अनामत आणि पंधरा साचे.

पंधरा का, ते सांगतो. आमचं काँक्रीट बीम धरून साडेतेरा घनमीटर होत होतं. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, त्याप्रमाणे सहा ते पंधरा घनमीटरला दोन नमुने लागतात आणि एका नमुन्यात तीन क्यूब. ते सहा अठ्ठाविसाव्या दिवसासाठी. लॅबच्या हौदातले तीन सातव्या दिवसासाठी. उरलेले सहा हौदात जाणारच नव्हते. ते स्लॅबवरच, स्लॅबसारख्याच गोणपाटाखाली झोपणार होते. तीन सातव्या दिवशी आणि तीन बाराव्या दिवशी तोडायचे.

फरक असा. लॅबमधला हौद २७ अंशांवर असतो, दोन इकडे-तिकडे. तिथे वाढलेला क्यूब सांगतो की काँक्रीट चांगलं होतं का, सिमेंट-पाण्याचं प्रमाण बरोबर होतं का. पण निफाडच्या पहाटेत कुडकुडणारा स्लॅब आज किती पक्का झालाय, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी स्लॅबच्या शेजारी कुडकुडलेला क्यूबच लागतो.

४ जानेवारी

सकाळी साडेआठला मिक्सर सुरू. मॅडमची अट होती की तीनच्या आत भरणी संपवा, म्हणजे थंडी उतरायच्या आत काँक्रीट घट्ट व्हायला लागेल. कालवायला पाणी विहिरीचं घेतलं. हिवाळ्यात ते टाकीतल्या पाण्यापेक्षा बरंच उबदार असतं. पावणेचारला संपलं.

क्यूब मी स्वतः भरले. एकाच गाड्यातून नाही, वेगवेगळ्या वेळी, आणि काँक्रीट स्लॅबवर ओतलं जात होतं तिथूनच उचलून. तीन थर, प्रत्येक थराला सोळा मिलिमीटरच्या सळईने ३५ ठोके. नवव्या क्यूबनंतर हात भरून आले तेव्हा गवंड्याने सळई हातातून घेतली. पण तो मोजत नव्हता म्हणून परत मीच घेतली. प्रत्येकावर ओल्या काँक्रीटमध्ये खिळ्याने तारीख आणि खूण. दुसऱ्या दिवशी साचे उघडले. एक क्यूब साधारण सव्वाआठ किलोचा. नऊ ओल्या गोणपाटात गुंडाळून, वाळूच्या थरावर ठेवून पिकअपने लॅबला पाठवले, सहा वर ठेवले.

त्या रात्री तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, सुचवलं, "बागेत पेटवतो तशी दोन-चार शेकोटी स्लॅबखाली लावू की." कल्पना मलाही पटली. मॅडमनी फोनवरच मोडून काढली: खाली लाकडी टेकू आणि फळ्या आहेत, धुराने माणसं गुदमरतील, आणि एका जागी तापलेला, एका जागी गार असा स्लॅब नको. त्याऐवजी रात्री ओलं गोणपाट, वर प्लास्टिक आणि त्यावर उसाच्या पाचटाचा वीतभर थर. पाचट आमच्याकडे फुकट. सकाळी ऊन चढलं की पाचट बाजूला आणि वाफ्यांत विहिरीचं पाणी. पीपीसीला पाणी किमान दहा दिवस मारायचं असतं. सात दिवसांची सवय ओपीसीची, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटची.

सात दिवसांचा आकडा येतो कुठून

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अण्णा आले. अण्णा अनुभवी माणूस, पंचवीस वर्षांची सेंट्रिंग. म्हणाले, "सर, पुस्तकातच सात दिवस आहेत. प्लेटा तर तिसऱ्या दिवशी निघतात."

ते खोटं बोलत नव्हते. आयएस ४५६ मध्ये तक्ता आहेच. स्लॅबखालच्या प्लेटा काढून टेकू लगेच परत लावणार असाल तर तीन दिवस. टेकूच काढायचे असतील तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस.

मॅडमनी मला तोच तक्ता पाठवला आणि त्याच्या आधीची दोन वाक्यं अधोरेखित केली. पहिलं वाक्य असं, की साचा काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार आहे, त्याच्या किमान दुप्पट ताकद आल्याशिवाय तो काढायचा नाही. नियम हा आहे. दिवस हा त्याचा अंदाज. दुसरं वाक्य, की तक्त्यातले दिवस साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आणि हवा १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाचे. दुसरं सिमेंट किंवा जास्त थंडी असेल तर ते बदलून घ्यायचे. आमच्याकडे सिमेंटही दुसरं आणि थंडीही जास्त. म्हणजे तक्ता आमच्यासाठी दोन्ही बाजूंनी लंगडा.

तिसऱ्या दिवशी प्लेटा काढण्याचंही मी विचारलं. आमच्याकडच्या पद्धतीत प्लेट आडव्या दांड्यावर आणि दांडा टेकूवर. प्लेट काढायची तर टेकू हलवावाच लागतो. "परत लावू" म्हणेपर्यंत स्लॅब स्वतःच्या पायावर उभा राहिलेला असतो. टेकूला हात न लावता प्लेट काढता येईल अशी सोय आमच्या सेंट्रिंगमध्ये नव्हती, म्हणून तो विषय तिथेच संपला.

मग किती दिवस? मॅडमनी सांगितलेला ढोबळ हिशेब मला इतका आवडला की मी तो दहावीच्या वर्गात फळ्यावर घातला. काँक्रीटला वय दिवसांत नाही, उबेत मोजायचं. दर तासाच्या तापमानात १० मिळवायचे आणि तासांनी गुणायचं. दहा मिळवायचे कारण शून्याखाली दहा अंशांना वाढ जवळपास थांबते असं धरतात. लॅबच्या हौदात सात दिवस, म्हणजे १६८ तास गुणिले २७ अधिक १०: एकूण ६२१६.

आता आमचा स्लॅब. मी ३५० रुपयांचा वायर असलेला डिजिटल थर्मामीटर आणला आणि त्याचं टोक गोणपाटाखाली काँक्रीटला टेकवून ठेवलं. पहाटे सहा, सकाळी अकरा, दुपारी तीन, रात्री नऊ, अशा नोंदी वहीत. बाहेर पहाटे आठ-नऊ अंश असताना पाचटाखाली बारा-तेरा असायचे; दुपारी तेवीस-चोवीस. सरासरी १७. सतरा अधिक दहा म्हणजे २७, आणि ६२१६ ला २७ ने भागलं की २३० तास. साडेनऊ दिवस. लॅबच्या क्यूबला जे सात दिवसांत जमतं, त्याला आमच्या स्लॅबला साडेनऊ लागणार. पाचट नसतं तर आणखी.

११ जानेवारी, सातवा दिवस

सकाळी सहापैकी तीन क्यूब गोणपाटात बांधून नाशिकला. मशीनखाली क्यूब ठेवला, आकडा चढत गेला आणि एका क्षणी दबका आवाज येऊन थांबला. बाजूच्या भेगा तिरक्या, मधे वाळूच्या घड्याळासारखा आकार उरला. फुटणं असं असेल तर ते नीट फुटणं, असं तिथल्या तंत्रज्ञाने सांगितलं.

जागेवरचे तीन: २७६, २८९, २६८ किलोन्यूटन. क्यूबचं तोंड २२,५०० चौरस मिलिमीटर. भागाकार केला की सरासरी १२.३. हौदातले तीन: ३७२, ३८५, ३७९. सरासरी १६.८.

तोच माल, तेच ठोके, तोच दिवस. फक्त हौदाचा कागद हातात असता तर १६.८ बघून मी अण्णांना "खोला" म्हणालो असतो, आणि स्लॅब प्रत्यक्षात चौदाच्या खाली होता.

संध्याकाळी अण्णांना आकडे दाखवले. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "म्हणजे माझ्या प्लेटा अडकल्या का?" अडकल्या होत्या.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी पाणी मारायला गेलो तर स्वयंपाकघर मोकळं-मोकळं वाटलं. मोजले तर मधले चार टेकू नव्हते. रात्री अण्णांची पोरं येऊन दुसऱ्या कामाला घेऊन गेली होती. "चारच तर काढले, कडेचे आहेत की," असं फोनवर उत्तर. वर वाफ्यांत पाच सेंटिमीटर पाणी भरलेलं, म्हणजे चौरस मीटरला ५० किलो. स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ३१२ किलो.

मी पहिलं काम केलं ते वाफे फोडून पाणी सोडलं आणि वर कोणाला जाऊ दिलं नाही. दुसरं काम मॅडमना फोन. त्यांनी गाळा विचारला, तीन मीटर. थोड्या वेळाने हिशेब पाठवला: पाण्यासकट वजन धरलं तरी खालच्या बाजूला येणारा ताण, बाराच्या ताकदीच्या काँक्रीटला तडा जाण्याच्या मर्यादेच्या दोन-तृतीयांशापर्यंतच पोहोचतो. म्हणजे पडणार नाही, बहुधा तडाही नसेल, पण बघा. टॉर्च भिंतीला लावून छताला तिरका प्रकाश टाकायचा. सरळ प्रकाशात केसासारखी चीर दिसत नाही. प्लेटांच्या फटींतून आणि जिथे प्लेट निघाली होती तिथे बघितलं. काही नव्हतं. हॉलचा गाळा असता तर हाच हिशेब वेगळा आला असता.

टेकू दुपारी परत आले. आणि इथे मी जे शिकलो ते महत्त्वाचं: परत लावताना पाचर ठोकून ठोकून टेकू ताणायचा नाही. पोरं तसंच करत होती, एकाने तर घण उचलला. वाकलेला स्लॅब वर ढकलला की जिथे वरच्या बाजूला सळई नाही तिथे वरून तडा जातो. पाचर हाताने हलणार नाही इतपत, बस. नंतर मी लाल ऑइलपेंटने प्रत्येक पाचर आणि टेकूवर मिळून एक रेघ मारली. कोणी पाचर हलवली तर रेघ तुटलेली दिसते. २०० रुपयांचा डबा, पण त्यानंतर सकाळी फेरी मारायला दोन मिनिटं लागत.

रागाच्या भरात मी मॅडमना विचारलं होतं, की बाकी सगळे लोक सातव्या दिवशी खोलतात, त्यांचे स्लॅब कुठे पडतात? त्या म्हणाल्या, लहान गाळ्याचे बहुतेक पडत नाहीत, पोट काढतात. कोवळं काँक्रीट भाराखाली नुसतं वाकत नाही, भार राहिला की वर्षानुवर्षं सरकत राहतं. आयएस ४५६ मध्ये त्याचे आकडे आहेत: सातव्या दिवशी भार आला तर पहिल्या दाबाच्या २.२ पट सरक पुढे होते, अठ्ठाविसाव्या दिवशी आला तर १.६ पट. आज दोन मिलिमीटर वाकलेला स्लॅब पुढे किती वाकणार, हे बऱ्याच अंशी टेकू कोणत्या दिवशी निघाला त्यावर ठरतं. मग चार वर्षांनी फरशी वाजते, भिंतीच्या वरच्या कडेला गिलावा सुटतो आणि आपण रंगाऱ्याला दोष देतो. पडतात ते बहुतेक सज्जे. त्यांची सळई वरच्या अंगाला असते आणि ती मागच्या स्लॅबला धरून असते. भरणीत पाय पडून ती खाली दबली किंवा काँक्रीटने अजून घट्ट पकडली नसली, तर तोलायला दुसरी बाजूच नसते.

संक्रांत आणि बारावा दिवस

१४ तारखेला संक्रांत. मजूर गावी, काम बंद, तेवढ्यापुरती शांतता. एका ओळखीच्या कंत्राटदाराने सुचवलं की क्यूबची कटकट कशाला, हातोडी मारून घ्या. म्हणजे रिबाउंड हातोडी, पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारी. मॅडम म्हणाल्या, त्या पद्धतीच्या भारतीय मानकातच लिहिलंय की अंदाज २५ टक्के इकडे-तिकडे असू शकतो. चौदा हवे असताना साडेदहा ते साडेसतरा असं उत्तर घेऊन काय करणार? शिवाय ओलसर, कोवळ्या पृष्ठभागावर तर नाहीच.

१६ जानेवारीला, गुरुवारी, उरलेले तीन क्यूब. ३५८, ३७१, ३४९. सरासरी १६.०. चौदाच्या वर.

गंमत अशी, की माझ्या उबेच्या हिशेबाने १६.८ साडेनऊ दिवसांतच यायला हवे होते. बारा दिवसांनीही आले नाहीत. स्लॅबपेक्षा सुटा क्यूब रात्री लवकर गार पडतो, आणि फ्लाय अ‍ॅशचं सिमेंट थंडीत साध्या सिमेंटपेक्षा जास्तच रेंगाळतं, अशी कारणं मॅडमनी सांगितली. फळ्यावरचा हिशेब मी नंतर दुरुस्त केला: तो थांबायचं किती हे ठरवायला चांगला, खोलायचं का हे ठरवायला नाही.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सही केलेलं पत्र आलं. खोल्या आणि स्वयंपाकघर खोलायला परवानगी; हॉल, सगळे बीम आणि सज्जा तसेच ठेवायचे. अण्णांनी पत्राचा फोटो काढून स्वतःकडे ठेवला. दोघांच्याही सोयीचं झालं.

१७ जानेवारी

सुरुवात गाळ्याच्या मध्यातून. मधला टेकू आधी सैल, मग दोन्ही बाजूंना भिंतीकडे सरकत जायचं. उलट केलं, कडेचे आधी काढले, तर स्लॅब मधल्या टेकूवर तोलला जातो आणि वरून फाटतो. एकदम काढायचा नाही. सगळ्या पाचरी थोड्या-थोड्या सैल करत दोन-तीन फेऱ्या. अण्णांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, खरं सांगायचं तर. पोरं मात्र घाई करतात, कारण ठेका नगावर असतो.

मी आदल्या दिवशी मोठ्या खोलीच्या मध्यभागी जमिनीवर खिळा मारून, मधल्या प्लेटच्या फटीतून छतापर्यंतचं अंतर लाकडी दांडीवर खुणावून ठेवलं होतं. मॅडमच्या हिशेबाने ३.६ मीटरला स्वतःच्या वजनाने सुमारे दोन मिलिमीटर खाली यायला हवं होतं. दोन्ही कडांना सलग असल्याने प्रत्यक्षात थोडं कमी. टेकू सैल झाल्यावर दांडी परत लावली. दीड मिलिमीटर. एक तासाने तेवढंच. पाच-सहा मिलिमीटर आलं असतं किंवा तासाभरात वाढत गेलं असतं, तर सगळं जागच्या जागी थांबवून टेकू परत, असं ठरलेलं होतं.

प्लेटा निघाल्यावर छताकडे बघत मी बराच वेळ उभा होतो. दोन ठिकाणी खडी उघडी पडली होती, एका बीमच्या कोपऱ्याला. बाकी निळसर-करडं, गुळगुळीत. आईने विचारलं, "एवढं काय बघतोयस?" काय सांगणार.

विटांचा ट्रॅक्टर

२० तारखेला वरच्या मजल्याच्या विटा आल्या. ट्रॅक्टरवाल्याने खालून वर फेकून मधोमध ढीग लावायला घेतला, अगदी त्याच मोठ्या खोलीवर. पहिल्या शंभर-दीडशे विटांना मी ओरडलो.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच थप्पी म्हणजे सुमारे ५०० विटा, तीन किलोची एक धरली तर दीड टन. आमचा स्लॅब पूर्ण पिकल्यावरसुद्धा राहण्याच्या वापराला चौरस मीटरला २०० किलो धरून केलेला. अठ्ठाविसाव्या दिवशीही ती थप्पी मधोमध चालली नसती. सोळाव्या दिवशी, टेकू काढून तीन दिवस झालेले असताना तर नाहीच. टेकू काढायची परवानगी फक्त स्लॅबच्या स्वतःच्या वजनापुरती आणि वावरणाऱ्या माणसांपुरती होती. विटा भिंतींच्या डोक्यावर, बीमच्या ओळीने, तीन-चार थरांच्या वर नाही, अशा पसरल्या. हमालीचे ८०० जास्त गेले.

हॉल २५ जानेवारीला खोलला, एकविसाव्या दिवशी. ४.८ मीटरचा गाळा, तक्त्यात चौदा दिवस. थंडी आणि सिमेंट धरून मॅडमनी आठवडा वाढवला आणि बीमही त्याच दिवशी. पंधरा दिवसांपुढचे सहा दिवस, ४२०० रुपये. अण्णांनी न मागता २०० सोडले.

१ फेब्रुवारीला अठ्ठाविसाव्या दिवसाचे सहा क्यूब: एका नमुन्याची सरासरी २५.१, दुसऱ्याची २४.३. क्यूबच्या पाच संचांचे प्रत्येकी ६०० आणि जीएसटी मिळून ३५४० झाले, साच्यांची अनामत परत मिळाली. साचे घासून, तेल लावून द्यावे लागतात. एकाला काँक्रीट चिकटलेलं होतं, त्याचे शंभर कापले.

३ फेब्रुवारीला सज्जा. इथे क्रम उलटा: बाहेरच्या मोकळ्या टोकाचा टेकू आधी, मग भिंतीकडे. बाहेरचा टेकू ठेवून आतले काढले तर सज्जा दोन आधारांवर ठेवल्यासारखा होतो, आणि खालच्या अंगाला तर सळईच नाही. त्याआधी मागच्या भिंतीवर विटांचे चार थर चढवून घेतले होते, मागे वजन असावं म्हणून. अण्णा स्वतः आले होते. शेवटची पाचर सैल केली, लाल रेघ तुटली, टेकू हातात आला. मी खालून दोरी धरून टोक बघत होतो. अण्णा म्हणाले, "सर, सरका आता बाजूला. सज्जाखाली कशाला उभे राहता?"